‘मायनस येत नाही’ म्हणजे बिल बरोबर झालं असं नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

> भाऊ, सवलतीचा वेगळा कॉलम ठेवा हे तुमचं वाचून पोट्ट्यानं आमच्या कृषी केंद्रात एक्सेलच्या बिलात तसं केलं. पाच लिहिलं तर पाचशे टक्के येते, फवारणी पंपाचं बिल मायनसमध्ये जाते. एका ओळीत बरोबर, दुसरीत चूक. शेवटी मीच फॉर्म्युल्यात भागिले शंभर टाकलं, आता मायनस येत नाही. असे अर्धवट लेख कायले लिहिता? आमची वहीच बरी होती.

दादा, राग समजला. पण वहीकडे परत जायच्या आधी एक काम करा. ते भागिले शंभर टाकल्यानंतर जेवढी बिलं निघाली, तेवढी बाजूला काढून ठेवा. माझा अंदाज असा की मायनसवाल्या बिलांनी तुमचं काहीच नुकसान केलं नाही, कारण ती कोणी गिऱ्हाईकाच्या हातात दिलीच नसणार. नंतरची बिलं मात्र दिली गेली असतील.

पंपाचंच उदाहरण घेऊ. किंमत ३,२०० रुपये, सवलत पाच टक्के, जीएसटी सध्या बाजूला ठेवा. `D2` मध्ये किंमत, `E2` मध्ये सवलत, आणि तुमचा मूळ फॉर्म्युला हा असणार:

```
=D2-D2*E2
```

एक्सेलच्या लेखी पाच टक्के म्हणजे 0.05. टक्क्याचं फॉरमॅट हा नुसता दाखवायचा प्रकार आहे, तो आतल्या आकड्याला शंभरानं गुणून पुढं `%` लावून दाखवतो. आत 0.05 असेल तर 5% दिसतं, सवलत १६० रुपये निघते आणि बिल ३,०४० होतं. पोट्ट्यानं साध्या सेलमध्ये `5` लिहिलं आणि नंतर वरचं टक्क्याचं बटण दाबलं, तर आत पाचच राहतात आणि दिसतात 500%. सवलत १६,००० आणि बिल उणे १२,८००. दुकान गिऱ्हाईकालाच पैसे देणं लागतं! एवढी मोठी चूक असली की डोळ्यात खुपते.

आता एक ओळ बरोबर आणि दुसरी चूक का, ते. सेलला टक्क्याचं फॉरमॅट आधीच असेल आणि मग तुम्ही `5` टाईप केलं, तर एक्सेल ते 5% समजतं, आत 0.05 जातं. म्हणजे फरक फक्त क्रमाचा आहे: आकडा आधी की फॉरमॅट आधी. शिवाय साध्या सेलमध्ये कोणी एकदा `5%` असं चिन्हासकट लिहिलं, की तो सेल आपोआप टक्क्याचा होतो. पुढं डिलीट दाबून आकडा पुसला तरी फॉरमॅट तिथंच बसलेलं असतं. त्याच सेलमध्ये उद्या नुसतं `5` लिहिलं की बरोबर येतं, आणि खालच्या कोऱ्या सेलमध्ये तेच लिहिलं की गडबड. वरून दोन्ही सेल सारखेच कोरे दिसतात, म्हणून पोट्ट्याला बोलू नका.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर तीच फाईल वेगळी वागली तर `File > Options > Advanced` मध्ये `Enable automatic percent entry` ही खूण बघा. ती काढलेली असेल तर टक्क्याच्या सेलमध्येही `5` चे 500% होतात. ही सेटिंग त्या कॉम्प्युटरवरच्या एक्सेलची असते, फाईलसोबत जात नाही.

तर आता तुमचा इलाज:

```
=D2-D2*E2/100
```

ज्या ओळीत आत 5 आहे तिथं हा झकास चालतो, ३,०४० येतात. पण ज्या ओळीत आधीपासून बरोबर 0.05 बसलेलं आहे, तिथं सवलत निघते एक रुपया साठ पैसे. बिल होतं ३,१९८.४०. कागदावर सवलतीच्या रकान्यात 5% छापलेलं, रक्कमही पंपाच्या किमतीजवळची, गर्दीत कोण बघतो? कास्तकाराला १५८ रुपये ४० पैसे जास्त लागले आणि त्यालाही कळलं नाही, तुम्हालाही नाही. उधारीवर माल गेला असेल तर तोच आकडा खात्यावर चढला. म्हणून म्हणतो, मायनस होतं तेच बरं होतं.

आत नेमका कोणता आकडा बसलाय हे सेलवर क्लिक करून दिसत नाही, कारण आत 0.05 असलं तरी टक्क्याच्या सेलचं वरच्या पट्टीतही `5%` असंच दिसतं. सवलतीचा सगळा कॉलम निवडा आणि `Ctrl+Shift+~` दाबा. फॉरमॅट उतरतं आणि आतले आकडे उघडे पडतात: कुठं 0.05, कुठं 5. `#VALUE!` देणाऱ्या ओळी वेगळ्या, तिथं कोणीतरी ‘5 टक्के’ असं अक्षरात लिहिलेलं सापडेल. ते हातानं बदला.

दुरुस्तीत पहिलं काम म्हणजे फॉर्म्युल्यातलं `/100` काढणं. मग बाजूच्या रिकाम्या कॉलममध्ये हे लिहून खाली ओढा:

```
=IF(E2>=1,E2/100,E2)
```

आलेले आकडे एकदा नजरेखालून घाला, कॉपी करा, सवलतीच्या कॉलमवर `Paste Special > Values` नं चिकटवा आणि आता सगळ्या कॉलमला टक्क्याचं फॉरमॅट द्या, खालच्या कोऱ्या ओळींसकट. काम झालं की मदतीचा कॉलम पुसून टाका.

तुम्ही म्हणाल, मग हाच `IF` कायमचा बिलात ठेवू, पोट्टा काहीही लिहो. नका ठेवू. रोखीवर अर्धा टक्का सोडायचा म्हणून कोणी साध्या सेलमध्ये `0.5` लिहिलं, तर एकापेक्षा लहान म्हणून हा फॉर्म्युला त्याला हात लावत नाही आणि ते होतात पन्नास टक्के. पंपावर सोळा रुपयांऐवजी सोळाशे गेले. म्हणूनच नजरेखालून घाला म्हटलं. माणसाच्या मनात काय होतं हे फॉर्म्युल्याला ओळखता येत नाही, आणि मला असले अंदाज बांधणारे फॉर्म्युले हिशोबात आवडतही नाहीत.

त्यापेक्षा दारातच अडवा. तुमच्या दुकानात जास्तीत जास्त सवलत किती देता? समजा पंचवीस टक्के. सवलतीचा कॉलम निवडून `Data > Data Validation` मध्ये `Decimal`, `between`, खाली `0` आणि वर `0.25` टाका. साध्या सेलमध्ये `5` लिहिलं की एक्सेल तिथंच नाही म्हणेल, `0.5` लाही नाही म्हणेल, `5%` आणि `0.5%` निमूट घेईल. पोट्ट्याला एकच सवय लावा: आकड्यासोबत `%` स्वतः टाईप करायचं. मग फॉरमॅट आधी होतं की नंतर, याचा प्रश्नच उरत नाही.

यात एक भोक आहे. ही तपासणी हातानं टाईप केलेल्या आकड्यालाच अडवते. कंपनीच्या माणसानं पाठवलेल्या दरपत्रकातून सवलतीचा कॉलम कॉपी करून चिकटवला तर तो विनातक्रार आत येतो, वर तपासणीचा नियमही पुसून टाकू शकतो. म्हणून बाहेरचे आकडे नेहमी `Values` नंच चिकटवा आणि नंतर त्याच मेनूतलं `Circle Invalid Data` दाबा. चुकीच्या सेलभोवती लाल गोल उमटतात. हंगामाच्या तोंडावर नवीन दरपत्रक आलं की एवढं करूनच पहिलं बिल फाडा.