दोन वायरांचे दीड हजार

"दोन वायरा इकडच्या तिकडे केल्या, अन् त्याचे दीड हजार?"

परवा वरुडकडच्या एका गावात हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणारे घरमालक नव्हते, घरमालकांचे काकाजी होते. घरमालक पैसे काढायला खिशात हात घालून उभे होते. प्रश्न ऐकला आणि तो हात खिशातच राहिला. अजूनही आठवलं की माझ्या हातातला टेस्टर आपोआप घट्ट धरला जातो.

संत्र्याच्या पैशातून बांधलेला बंगला, पुढं बारा फुटांचं सरकतं गेट, गेटला मोटर. मोटर फॅब्रिकेटरनं बसवली, वायरी डब्यात आल्या तशाच ठेवल्या आणि तो निघून गेला. इथंच घोळ झाला. कंपनी या मोटरी एका बाजूला उघडणाऱ्या गेटसाठी जोडून पाठवते. या घराचं गेट उघडतं दुसऱ्या बाजूला. म्हणजे मोटर चालवणारा सर्किट बोर्ड म्हणायचा 'उघड', अन् गेट बंद व्हायचं.

आता गंमत अशी, की रिमोटला बटण एकच असेल तर हे कळतच नाही. दाबलं की इकडं, दाबलं की तिकडं. टोकाला जाऊन गेट थांबतंसुद्धा, कारण मोटर उलटी तशी टोकाला थांबवणारी लिमिटही उलटी, दोघांचं आपसात जमलेलं. घरात सगळेच खोटं बोलत असले की भांडण होत नाही, तसं. पण बोर्डावर ऑटो-क्लोज नावाची सोय असते. गेट उघडल्यावर तीस सेकंदांनी ते आपोआप बंद करायचं. बोर्डाच्या हिशेबात बंद गेट म्हणजे उघडं गेट. त्यामुळं रात्री गेट लावून मंडळी आत वळली, की तीस सेकंदांनी बोर्ड इमानदारीनं ते सताड उघडून द्यायचा. सकाळी अंगणात गावच्या बकऱ्या. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी गेटला लिंबू-मिरची बांधली गेली.

त्यात फोटोसेल. खांबाला लावलेले ते दोन काळे डोळे फक्त बंद होताना पाहतात, उघडताना बहुतेक बोर्ड त्यांच्याकडं लक्षच देत नाहीत. इथं खरोखर बंद होणारं गेट बोर्डाच्या लेखी 'उघडत' होतं, म्हणून मध्ये कोणी आलं तरी थांबत नव्हतं. वहिनींच्या स्कूटीला त्यानं मागून ढकललं तेव्हा भानामतीवर शिक्कामोर्तब झालं.

आणि मग काकाजींनी डबा उघडला.

काकाजी सत्तरीचे, धोतर, खांद्यावर दुपट्टा, खिशात स्क्रूड्रायव्हर. मी पोचलो तेव्हा ते गेटसमोर खुर्ची टाकून बसले होते. गेट भिंतीच्या टोकाशी जाऊन अडकलेलं, मोटर गरम, आणि मोटरच्या दातेरी चाकाखाली, म्हणजे पिनियनखाली, गेटला लावलेल्या नायलॉनच्या दातेरी पट्टीचा, म्हणजे रॅकचा, पांढरा भुसा.

"या भाऊ, बसा. काम झालंच हाय म्हणा अर्धं," काकाजी म्हणाले.

"कोणी केलं, काकाजी?"

"म्याच केलं. मोटर उल्टी फिरून राह्यली होती. दोन तारा बदलल्या. आपण पंपाचं नाई करत का? पाणी नाई आलं की दोन फेजा बदलाच्या, मोटर सुल्टी."

यात चूक काढायला जागा नव्हती, हेच माझं दुःख. थ्री फेजच्या पंपाला तीनपैकी कुठल्याही दोन फेज बदलल्या की मोटर उलटी फिरते, हे विदर्भातल्या शेतकऱ्याला शाळेआधी कळतं. गेटची मोटर मात्र सिंगल फेजची. तिलाही तीन वायरी असतात, पण तिन्ही सारख्या नसतात. एक कॉमन, आणि दोन दिशांच्या दोन, ज्यांच्यामध्ये कपॅसिटर बसतो. या दिशांच्या दोन बदलल्या तरच मोटर उलटी फिरते. त्याऐवजी कॉमनच कुणाशी बदलली गेली, तर मोटर गुणगुणते, तापते, नीट ओढत नाही. कॉमन कुठली ते मीटर सांगतो : वायरी बोर्डातून सोडवून ओहमवर माप घ्यायचं. ज्या दोन वायरींमध्ये सगळ्यांत जास्त येतं, साधारण दुप्पट, त्या दिशांच्या. उरलेली कॉमन. काकाजींनी मीटर लावला नव्हता. रंग पाहून अंदाजानं लावल्या, आणि अंदाज बरोबर निघाला. काही लोकांचं नशीब असंच असतं, आणि त्याचा त्रास दुसऱ्यांना होतो.

"मंग आता थांबत कायले नाई ते?" काकाजींनीच विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता सांगितलंही, "व्होल्टेज."

व्होल्टेज नव्हतं. गावात ते कमी असतं हे खरं, 230 च्या जागी 180 आलं तर मोटरचा जोर साठ टक्क्यांवर येतो. पण कमी जोराचं गेट लवकर थांबतं हो. इथं थांबतच नव्हतं.

कारण लिमिट स्विच. मोटरच्या डोक्यावर एक उभी स्प्रिंग असते. गेटच्या रॅकवर दोन टोकांना दोन पत्र्याचे ठोकळे. गेट टोकाशी आलं की ठोकळा स्प्रिंगला आपल्या दिशेनं वाकवतो आणि आतला त्या बाजूचा स्विच सुटतो. हे स्विच बहुतेक बोर्डांत एरवी जोडलेले असतात, टोकाला आले की तुटतात. बोर्डाचा नियम सरळ : उघडताना मी फक्त ओपन लिमिटकडं पाहीन, बंद करताना फक्त क्लोजकडं. काकाजींनी मोटर सुलटी केली, लिमिट उलटंच राहिलं. गेट उघडायला निघालं, टोकाला पोचलं, स्प्रिंग वाकली, पण तुटला तो क्लोजचा स्विच. बोर्ड तिकडं पाहतच नव्हता. गेटला बारा फूट जायला अठरा सेकंद पुरतात, बोर्डावर कमाल वेळ होता साठ. उरलेली चाळीस-बेचाळीस सेकंदं पिनियन रॅक खरवडत बसला. पुन्हा बटण दाबलं, तर बोर्ड म्हणतो क्लोज लिमिट तुटलंय, म्हणजे गेट बंदच आहे, आता काय बंद करू? म्हणून पुन्हा उघडायलाच निघालं. भिंतीत.

हे सगळं मी काकाजींना सांगितलं. मन लावून सांगितलं, बोटांनी स्प्रिंग करून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, "म्हणजे तारच बदलाची ना?"

"हो, पण लिमिटच्या."

"तारच ना?"

"हो."

"मंग मी काय म्हणलो?"

मी एमसीबी पाडली. गेट किल्लीनं मोकळं करून मध्यावर ढकलायचं होतं, तर किल्ली देवघरात, देवघराची किल्ली मावशीकडं, मावशी वावरात. वीज गेली की गेट हातानं उघडायला हीच किल्ली लागते. ती घरच्या चाव्यांच्या जुडग्यात ठेवा असं मी प्रत्येक घरी सांगतो, आणि प्रत्येक घरी ती अशीच कुठंतरी सुरक्षित ठेवलेली असते. अर्धा तास तिथंच गेला. बिलात मी तो धरला नाही. धरायला हवा होता.

लिमिटच्या तीन वायरींतली कॉमन जागेवर ठेवली, ओपन आणि क्लोज आपसात बदलल्या. दोन वायरा. हे खरं आहे. मी नाकारत नाही.

पण त्यानंतरची चाचणी हेच खरं काम. गेट टोकावर नेऊन 'बघू थांबतं का' हे करायचं नसतं, रॅक त्यानंच खराब होते. गेट मध्यावर, किल्लीनं पुन्हा गुंतवलेलं, एमसीबी वर, आणि बटण. मध्यावरून टोकाला जायला नऊ सेकंद मिळतात. तेवढ्यात कोरड्या काडीनं, हातानं नाही कारण झाकण उघडं आणि आत 230 व्होल्ट, स्प्रिंग गेट जातंय त्याच दिशेला वाकवायची. मोटर तिथल्या तिथं थांबली तर लिमिट बरोबर. थांबली नाही आणि विरुद्ध बाजूला वाकवल्यावर थांबली, तर अजून उलटं. दोन्हीकडं वाकवूनही थांबत नसेल तर बटण दाबून गेट थांबवा, आणि वायर नाहीतर स्विच पाहा. बोर्डावर लिमिटचे छोटे दिवे असतील तर चालत्या गेटचीही गरज नाही : स्प्रिंग वाकवली की त्या बाजूचा दिवा विझायला हवा.

दोन्ही दिशांना तपासलं. मग ठोकळे दोन-दोन इंच अलीकडं घेतले, कारण वीज तुटल्यावरही जड गेट थोडं वाहत जातं. थांबलेल्या गेटनं भिंतीच्या रबराला टेकू नये. सगळं जमलं. रिमोट दाबला. काही नाही.

"हां," काकाजी म्हणाले, "ते एक बारकं बटन होतं. म्या दाबून पाह्यलं. लय वेळ."

लर्न बटण. या बोर्डावर ते दहाएक सेकंद दाबून धरलं की सगळे रिमोट विसरले जातात. मघापर्यंत मी गेटशेजारच्या भिंतीवरच्या बटणानंच काम चालवत होतो, म्हणून कळलं नाही. चार रिमोट पुन्हा शिकवले : लर्न एकदा दाबायचं, दिवा लागला की रिमोटचं बटण, दिवा लुकलुकला की झालं. तरी रिमोट पाच फुटांच्या पुढं चालेना. पाहतो तर रिसिव्हरची वायर बोटभर.

"ते लोंबून राह्यली होती. कापली. बरी दिसत नव्हती."

ती अँटेना. 433.92 मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी, म्हणजे सुमारे 17 सेंटिमीटर. तेवढी लागते म्हणून तेवढी असते, शोभेसाठी नसते. माझ्याजवळच्या सुट्या वायरीचा 17 सेंटिमीटरचा तुकडा जोडला, गुंडाळी न करता, बोर्डाच्या इतर वायरींपासून दूर, सरळ उभा. आता रस्त्याच्या वळणावरून गेट उघडलं. घरमालक हसले, वहिनी हसल्या, लिंबू-मिरची तशीच राहिली.

आणि मग तो प्रश्न आला.

मी काय सांगणार? दोन वायरांचे काहीच नाहीत, कुठल्या दोन ते कळण्याचे आहेत, हे वाक्य मला परतीच्या रस्त्यावर सुचलं, वरुडच्या अलीकडं. तिथं तेव्हा मी फक्त "ठीक आहे, द्या जे द्यायचं ते" म्हणालो. बाराशे मिळाले. वरून काकाजींनी डझनभर संत्री दिली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शिकलास बरं आता."

आज सकाळी शेजारच्या गावातून फोन आला. "भाऊ, आमचं गेट उलटं चालत होतं. तुमच्या ओळखीचे एक काकाजी आले होते. त्यांनी दोन तारा बदलून दिल्या. आता ते थांबतच नाही. अन् रिमोटही चालत नाही."

"एमसीबी पाडून ठेवा," मी म्हणालो, "आणि किल्ली शोधून ठेवा. किल्ली आधी शोधा."