करकरणारा पलंग आणि चमचाभर खोबरेल

फिरणारा संदेश असा: "पलंग करकरतोय? सुतार बोलावू नका! १) सगळे बोल्ट पूर्ण ताकदीने आवळा. २) प्रत्येक सांध्यात चमचाभर खोबरेल तेल सोडा, लाकूड पिऊन घेतं, आवाज कायमचा बंद. ३) तरी आवाज आला तर दोन-दोन खिळे ठोका. ४) पलंगाचं डोकं दक्षिणेला करा, नकारात्मक ऊर्जेमुळे लाकूड बोलतं. ५) एवढं करून थांबला नाही तर लाकूड मेलं समजा, नवा पलंग घ्या. जनहितार्थ पुढे पाठवा."

हे वाचून माझ्या नाशिकच्या मावशीने आपल्या चांगल्या सागवानी पलंगाच्या चारही सांध्यांत तेल ओतलं. आठवडाभर पलंग गप्प होता, त्यामुळे तिने संदेश आणखी चार गटांत पाठवला. मग पलंग पुन्हा बोलू लागला आणि फोन मला आला. म्हणून सुरुवात तेलापासूनच करतो, क्रम गेला खड्ड्यात.

करकर कशी होते ते आधी पाहू. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबलेले असतात. आपण कूस बदलली की ते आधी अडून राहतात, जोर वाढला की एकदम सरकतात, पुन्हा अडतात. हे अडणं-सुटणं सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि त्याचा आवाज येतो. राळ लावलेला गज व्हायोलिनच्या तारेवर याच रीतीने वाजतो. म्हणजे आवाज हवा तर दोन गोष्टी लागतात: हलायला जागा आणि घासायला पृष्ठभाग. तेल घासणं थोडे दिवस कमी करतं. जागा तशीच राहते. लाकूड तेल पितं हे संदेशातलं म्हणणं खरं आहे, पण तीच अडचण आहे. प्यायलेलं तेल पृष्ठभागावर उरत नाही, उरतं त्यात धूळ आणि लाकडाचा भुसा कालवला जातो. त्यात खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे नाशिकच्या थंडीत सांध्यात त्या भुशाचा लगदा होऊन बसतो.

खरं नुकसान मात्र पुढचं आहे. सांध्याचं कूस-साल, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसते तो जोड, सैल झालं असेल तर त्याचा पक्का उपाय म्हणजे ते उघडून, साफ करून पुन्हा फेव्हिकॉलने बसवणं. तेल मुरलेल्या लाकडाला फेव्हिकॉल नीट धरत नाही. मावशीच्या पलंगाचं एक कूस असंच सैल होतं. सुताराला ते थिनरने पुसून, वरचा थर पॉलिशपेपरने काढून मग चिकटवावं लागलं. लोखंडी घडीच्या खाटेच्या बिजागरीत मशीनच्या तेलाचा थेंब सोडायला माझी हरकत नाही. लाकडात नको.

आता बोल्ट. सैल बोल्ट हे करकरीचं मोठं कारण आहे, एवढं श्रेय संदेशाला द्यावं लागतं. पण बोल्ट सैल होतो का, हे कळलं की 'पूर्ण ताकदीने' हा सल्ला किती वाईट आहे ते दिसतं. अमेरिकेच्या वनखात्याची मॅडिसन इथली प्रयोगशाळा १९३५ पासून 'वुड हँडबुक' काढते, ते इंटरनेटवर फुकट मिळतं. त्यातल्या आकड्यांनुसार हवेतली आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात सुमारे ६ टक्के ओल राहते, आर्द्रता ८० टक्के झाली की सुमारे १६. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ बदलत नाही. जाडीत आणि रुंदीत ते फुगतं, आकसतं. बोल्ट पलंगाच्या खुराच्या जाडीतून आरपार जाऊन साईडपट्टीत शिरतो. ७५ मिलिमीटर जाडीचा सागाचा खूर घेतला आणि ऐन उन्हाळा ते भर पावसाळा त्याची ओल ७ टक्क्यांनी बदलली असं धरलं, तर जाडी अर्धा ते एक मिलिमीटर बदलते. ८ मिलिमीटरच्या साध्या बोल्टचा एक आटा सव्वा मिलिमीटरचा असतो. म्हणजे कोणी हात न लावता बोल्ट अर्धा फेरा सैल होऊ शकतो.

पावसाळ्यात फुगलेला खूर बोल्टच्या डोक्याखाली चेपला जातो, चेपलेलं लाकूड पुरतं उठत नाही, आणि उन्हाळ्यात तो आकसला की फट उरते. ऐन जुलैत जीव खाऊन आवळलात तर ती चेपणूक वाढवता आणि पुढच्या मार्चमध्ये पलंग जास्त करकरतो. आवळायचं ते कोरड्या दिवसांत, मोठा वॉशर घालून, वॉशर लाकडात रुतू लागण्याआधी थांबायचं. भुशाच्या बोर्डाचा स्टोरेजवाला पलंग असेल तर आणखी जपून: आतला आडवा नट बोर्ड फोडून बाहेर येतो आणि मग तिथे कुठलाच बोल्ट धरत नाही.

आणि सगळे बोल्ट कशाला? आवाज कुठून येतो ते आधी शोधा की! मावशीकडे आम्ही गादी जमिनीवर टाकून तिच्यावर लोळून पाहिलं, गादी गप्प. मग गादीशिवाय पलंगावर एकाने गुडघे टेकून भार इकडून तिकडे टाकला, दुसऱ्याने सांध्यांवर हात ठेवला. घासणाऱ्या जागी बोटांना बारीक थरथर कळते. जागा नक्की करायला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सांध्यावर आणि मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची. मधल्या भागात 'कर्र' असा लांब आवाज होता. प्लायवूडच्या फळ्या उचलल्या आणि तो गेलाच. म्हणजे फळ्या खालच्या आधारपट्टीवर आणि एकमेकींवर घासत होत्या. नुसता सांगाडा कोपऱ्यातून हलवला तेव्हा पायाकडच्या उजव्या खुराशी 'कट्' असा तुटक आवाज आला. ते सैल कूस. बोल्ट आवळून पहिला आवाज जन्मात गेला नसता.

फळ्यांच्या कडांना आणि आधारपट्टीला साधी मेणबत्ती घासली, पट्टीवर नमदा चिकटवला आणि दोन फळ्यांत ३ मिलिमीटर फट ठेवली. सांगाडा पुन्हा जोडताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावले, दोन्ही कर्ण टेपने मोजून सारखे केले आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळले. एक कोपरा आधीच पक्का केला तर बाकीचे तिरके बसतात.

खिळ्यांबद्दल फार लिहीत नाही. साईडपट्टीच्या टोकाला, रेषांच्या दिशेने ठोकलेला खिळा कमी धरतो, लाकूड चिरू शकतो, थोड्या दिवसांत स्वतःच भोकात हलून करकरू लागतो, आणि पुढे पलंग उघडायचा तर लाकूड फोडावं लागतं.

दक्षिणेचं मात्र थोडं खरं आहे हो! पलंग फिरवल्यावर कधीकधी आवाज जातो. कारण फरशी सपाट नसते. एक खूर अधांतरी असला की सांगाडा पिळवटतो आणि सांधे घासतात. नव्या जागी चारही खूर टेकले की तो थांबतो. हेच काम खुराखाली पुठ्ठ्याची चकती घालून, पलंग आहे तिथेच ठेवून होतं. मधला आधाराचा पाय टेकतो का तेही पाहा, त्याच्याकडे कोणी बघत नाही.

राहिला नवा पलंग. भुशाचा बोर्ड पाण्याने फुगून भोकापाशी चुरा होत असेल, किंवा लोखंडी सांगाड्याचं वेल्डिंग तडकलं असेल आणि वेल्डर नाही म्हणत असेल, तर घ्या. सागाचा, शिसवीचा पलंग करकरतो म्हणून मरत नाही. भोक मोठं झालं असेल तर सुतार त्यात लाकडी खुंटी फेव्हिकॉलने बसवून नवं भोक पाडतो. फक्त त्याला येण्याआधी सांगून ठेवा, तेल ओतलंय की नाही.