R = 5 म्हणजे डक्टिलिटी 5 नव्हे

भूकंपाचं बल डिझाइनसाठी ज्या आकड्याने भागून कमी करतात तो R. त्याबद्दलचा एक समज असा: "R = 5 म्हणजे डक्टिलिटी 5. पुशओव्हर चालवा, शेवटचं विस्थापन भागिले यील्डचं विस्थापन करा, उत्तर 5 च्या वर आलं की इमारत पास. ओव्हरस्ट्रेंग्थ म्हणजे डिझाइनरने घातलेलं जादा स्टील, तिचा R शी संबंध नाही."

हा समज तपासायला पुण्यातली एक पाच मजली आरसीसी फ्रेम कागदावर घेऊ. उंची 16 मीटर, वजन 12,000 किलोन्यूटन, झोन III, मध्यम माती, आयएस 13920 चं डक्टाइल डिटेलिंग. आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीप्रमाणे काल 0.6 सेकंद, Sa/g 2.27 आणि R = 5 धरला की डिझाइन बेस शिअर साधारण 436 किलोन्यूटन येतो. आता याच फ्रेमला बाजूने हळूहळू वाढत जाणारं बल लावायचं आणि प्रत्येक पायरीला कोणत्या बीमच्या टोकाला हिंज, म्हणजे यील्ड होऊन फिरणारी जागा, तयार झाला ते बघत पुढे जायचं. हाच पुशओव्हर. आडव्या अक्षावर छताचं विस्थापन आणि उभ्या अक्षावर बेस शिअर मांडला की कपॅसिटी कर्व्ह मिळतो. समजा आपल्या फ्रेमचा कर्व्ह 1,000 किलोन्यूटनच्या आसपास आडवा झाला.

पहिली चूक इथेच दिसते. फ्रेम 436 साठी डिझाइन केली होती, पण ती प्रत्यक्षात 1,000 पेलते. हे गुणोत्तर, म्हणजे 2.3, ही ओव्हरस्ट्रेंग्थ. डक्टिलिटीचा हिशेब त्यानंतर सुरू होतो: यील्ड झाल्यावर फ्रेम किती वाकू शकते आणि त्या बदल्यात बलात किती सूट मिळते. R हा या दोन्हींचा गुणाकार आहे. अमेरिकेत एटीसी-19 या अहवालाने 1995 मध्ये तो असाच फोडून मांडला, सोबत रिडंडन्सीचा तिसरा घटक ठेवून. केवळ 5 ÷ 2.3 केलं तर डक्टिलिटीकडून 2.2 इतकीच सूट मागितली जाते. तेव्हा "डक्टिलिटी 5 पाहिजे" हा निकष संहितेतून निघत नाही.

म्हणून 2.2 वर निर्धास्त व्हावं का? मुळीच नाही. आपल्या बेस शिअरच्या सूत्रात Z, म्हणजे झोनचा गुणांक, याच्या आधी 1/2 आहे. 2002 च्या आवृत्तीत त्याचं कारण स्पष्ट दिलं होतं: Z सर्वांत मोठ्या विचारात घेतलेल्या भूकंपाचा, 2 ने भागून डिझाइनचा भूकंप. म्हणजे मोठ्या भूकंपाच्या तुलनेत आपण बल 5 ने नाही, 10 ने भागलेलं असतं. फ्रेमकडून खरी अपेक्षा त्या आकड्याच्या जवळची आहे, आणि ती पुरी होते की नाही हे हिंज कुठे होतात त्यावर ठरतं.

दुसरा मुद्दा भागाकाराचा. यील्डचं विस्थापन म्हणजे नेमकं कुठलं? पहिला हिंज समजा 28 मिलिमीटरला झाला आणि टोक 208 ला धरलं, तर डक्टिलिटी 7.4. पण एक हिंज म्हणजे फ्रेमचं यील्ड नव्हे. फेमा 356 च्या रीतीने कर्व्हखालचं क्षेत्रफळ सारखं राखून, आणि पहिली रेषा यील्ड बलाच्या 60 टक्क्यांवर कर्व्हला छेदेल अशी ठेवून, दोन सरळ रेषा बसवल्या की यील्ड 48 मिलिमीटरवर जातं आणि डक्टिलिटी 4.3 उरते. कर्व्ह एकच, इमारत एकच. रिपोर्टमध्ये यील्डबिंदू कसा काढला ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा मी वाचतच नाही.

टोकाचंही तसंच. 208 हा आकडा सॉफ्टवेअरने दिलेला नाही, तो हिंजच्या क्षमतेतून येतो. हिंज यील्डनंतर 0.01 रेडियन फिरू शकतो असं धरलं आणि बीमला सर्व मजल्यांवर हिंज झाले, तर फ्रेम पूर्ण उंचीवर सरळ झुकते. 0.01 गुणिले 16,000 म्हणजे 160 मिलिमीटर, त्यात 48 मिळवले की 208.

आता तळमजला स्टिल्ट पार्किंगचा करा. वर विटांच्या भिंती, खाली नुसते कॉलम. हिंज तळमजल्याच्या कॉलमांच्या दोन्ही टोकांना होतात आणि वरचे चार मजले एका ठोकळ्यासारखे सरकतात. हिंजची क्षमता तीच, 0.01, पण आता ती 3.2 मीटरच्या एकाच मजल्यावर लागू होते: 32 मिलिमीटर. यील्डचे 48 आणि बळ 1,000 तसंच ठेवलं (भिंतींमुळे यील्ड विस्थापन खरं तर बदलेल, पण तुलनेपुरतं ठेवू), तरी टोक 80 वर येतं आणि डक्टिलिटी 1.7 होते. 2.3 ने गुणल्यावर पहिल्या फ्रेमचा R जवळपास 10, दुसरीचा 4 च्या खाली. 26 जानेवारी 2001 ला भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खुल्या तळमजल्याच्या इमारती कोसळल्या, त्यामागे हाच प्रकार होता. अशा इमारतीला तक्त्यातला 5 लावून मोकळं होणं मला धोकादायक वाटतं.

पहिल्या फ्रेमच्या 10 मध्येही एक गृहीतक आहे: डक्टिलिटी 4.3 असली की बलातली सूटही 4.3 मिळते. हे लांब कालाच्या इमारतींना चालतं. तडे गेलेल्या सेक्शनचा कडकपणा घेतला तर या फ्रेमचा काल 1.2 सेकंदांच्या घरात जातो, म्हणून इथे ठीक आहे. न्यूमार्क आणि हॉल यांच्या सूत्रानुसार साधारण 0.12 ते 0.5 सेकंदांत सूट √(2μ − 1) इतकीच मिळते, इथे μ म्हणजे डक्टिलिटी; म्हणजे 4.3 ला 2.8. भिंतींनी भरलेल्या ठेंगण्या इमारती याच पट्ट्यात येतात.

राहिली ओव्हरस्ट्रेंग्थ. ती कुणाच्या उधळपट्टीतून येत नाही. भूकंप बलाचा लोड फॅक्टर 1.5, स्टीलचा 1.15, एवढ्यानेच 1.7 झाले. बाकी गुरुत्वभारासाठी लागलेली सळई, किमान स्टील, स्टीलचं यील्डनंतर वाढणारं बळ आणि हिंज एकामागून एक होताना बलाचं होणारं फेरवाटप यांतून येतं. म्हणूनच झोन II मधल्या लहान इमारतीत, जिथे गुरुत्वभारच डिझाइन ठरवतो, ती मोठी असते आणि झोन V मध्ये कमी. एका इमारतीचा आकडा दुसरीला लावता येत नाही.

ती R मध्ये मोजायची, पण फुकटची समजायची नाही. बीम यील्ड होईपर्यंत फ्रेम 1,000 किलोन्यूटन ओढून घेते, आणि तळमजल्याच्या कॉलमांतून तेवढा शिअर जातो. कॉलमच्या रिंगा 436 च्या दीडपटीवर, म्हणजे 654 वर मोजल्या असतील तर मटेरियलचे सुरक्षा गुणांक धरूनही ती तफावत भरून निघेल याची खात्री नसते, आणि शिअरमध्ये तुटणारा कॉलम हिंज होण्याआधीच जातो. आयएस 13920 मध्ये शिअरची मागणी बीमच्या खऱ्या मोमेंट क्षमतेवरून, तीही 1.4 ने वाढवून काढायला सांगितली आहे ती यासाठी. मॉडेलमध्ये फक्त मोमेंटचे हिंज असतील तर हे तुटणं कर्व्हवर दिसतच नाही. कर्व्ह 208 पर्यंत सुरेख आडवा जातो. म्हणून प्रत्येक पायरीचा कॉलम शिअर वेगळा काढून रिंगांच्या क्षमतेशी ताडायचा, आणि जिथे तो ओलांडला जातो तिथेच कर्व्ह तोडायचा.