ते ८० टक्के आले कुठून?

"यशात ८० टक्के वाटा भावनिक बुद्धिमत्तेचा असतो, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं. हे खरंच कुणी मोजलंय का?"

नाही, दादा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल गोलमन यांनी भावनिक बुद्धिमत्तेवरच्या १९९५ च्या पुस्तकात एवढंच लिहिलं होतं की यशात बुद्ध्यांकाचा वाटा फार तर २० टक्के, बाकीचं इतर गोष्टींवर. त्यात घरची परिस्थिती आली, नशीबही आलं. ट्रेनिंगवाल्यांनी ते ८० अख्खे भावनिक बुद्धिमत्तेच्या नावावर चढवले.

भावनिक बुद्धिमत्तेची, म्हणजे भावना ओळखण्याच्या आणि हाताळण्याच्या क्षमतेची, मोजणी होते, पण ती वेगळी. मेयर, सॅलोव्ही आणि कारुसो या मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीत चेहऱ्याचा फोटो देतात आणि त्यात राग किती, भीती किती, असं विचारतात. तुमचं उत्तर तज्ज्ञांच्या किंवा बहुसंख्य लोकांच्या उत्तराशी ताडून गुण देतात. (बहुसंख्य म्हणतील तेच बरोबर कसं, हा आक्षेप त्यावर आहेच.)

आमच्या वाळूजच्या एका कारखान्यात सुपरवायझरांना मात्र फॉर्म दिला: "मी इतरांच्या भावना ओळखतो", १ ते ५ पैकी आकडा लिहा. ज्याच्यासमोर लाईनवरची पोरं तोंड उघडत नाहीत, त्यानंही बिनधास्त ५ लिहिले. असा फॉर्म माणसाचं स्वतःबद्दलचं मत सांगतो. त्याचे गुण चाचणीच्या गुणांशी फारसे जुळत नाहीत. वर ट्रेनिंगनंतर तोच फॉर्म पुन्हा भरून घेतला, आकडे वाढले आणि सुधारणा झाली म्हणून कळवलं! खरा फरक बघायचा तर ट्रेनिंगच्या आधी आणि काही महिन्यांनी त्या पोरांनाच विचारा, आणि ज्या शिफ्टच्या सुपरवायझरचं ट्रेनिंग झालं नाही तिथंही तेच विचारा.