व्हॅनचे छत्तीसशे पन्नास

आमच्या शाळेच्या व्हॅनमध्ये माणसांना नावं नाहीत, थांबे आहेत. आम्ही नांदेड फाटा. आमच्यानंतर दोन किलोमीटरवर धायरी फाटा, मग दोनावर आनंदनगर, आणखी दोनावर राजाराम पूल, आणि तिथून दोनावर शाळा. (सिंहगड रस्त्यावर अंतर किलोमीटरात सांगणं हा भाबडेपणा आहे, पण व्हॅनकाकांचा मीटर तेवढंच दाखवतो.) चार घरं, चार मुलं, गाडीचे महिन्याला 9600. प्रत्येकी 2400. दोन वर्षं कुणाची तक्रार नव्हती, म्हणजे निदान माझी तरी नव्हती.

पाच तारखेला राजाराम पूलवहिनींचा फोन आला. "भाऊजी, आमची सई दोन किलोमीटर बसते, तुमचा ओम आठ. पैसे मात्र सारखेच. हे कसं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कुणी "हे कसं?" विचारलं की हात आपोआप कागदाकडे जातो. "वहिनी, रविवारी या सगळे. न्यायाने करू."

न्याय माझ्या भाच्याने आणला. तो अर्थशास्त्र शिकतो आणि आमच्याकडे जेवतो. तो म्हणाला, रस्त्याचे दोन-दोन किलोमीटरचे चार तुकडे करा, प्रत्येक तुकडा 2400 चा. ज्या तुकड्यावर ज्यांची मुलं गाडीत असतील, त्यांनीच तो वाटून घ्यायचा. शाळेजवळच्या तुकड्यावर चौघं, म्हणून प्रत्येकी 600. त्याच्या मागच्यावर तिघं, 800. त्याच्या मागच्यावर आम्ही आणि धायरी, 1200. आणि नांदेड फाटा ते धायरी फाटा गाडीत ओम एकटाच असतो.

"म्हणजे तो पूर्ण तुकडा…"

"तुझा, मामा. एकूण पाच हजार." वर त्याने सांगितलं की हे त्याच्या मनचं नाही. लॉइड शॅप्ली या गणितज्ञाने 1953 साली खर्चवाटपाचं जे सूत्र मांडलं, ते अशा एका रेषेतल्या रस्त्याला लावलं की हेच उत्तर येतं. शॅप्लींना 2012 साली अर्थशास्त्राचं नोबेलही मिळालं. वहिनींना 600 मिळाले होते, त्यामुळे नोबेल समितीबद्दल त्यांचं मत एकदम चांगलं झालं.

बायकोने पोह्यांची ताटली माझ्यासमोर जरा जोरातच ठेवली.

मला व्हॅनकाकांनी वाचवलं. ते पैशांसाठीच आले होते, दारात उभे राहून ऐकत होते. "साहेब, गाडी दोन किलोमीटर पळाली काय अन् आठ काय, हप्ता तोच, इन्शुरन्स तोच, पासिंग तेच. पहाटे पाचला मी उठतो तेही तेवढंच. तुमच्या फेरीचा गॅस धरा छत्तीसशे. बाकीचे सहा हजार अंतराचे नाहीतच!"

मी त्यांना आत बोलावून पोहे दिले. सहा हजार सारखे वाटायचे, प्रत्येकी 1500. फक्त गॅसचे 3600 तुकड्यांनी. वहिनींना 1725, आनंदनगरला 2025, धायरीला 2475, आम्हाला 3375. पाच हजारांच्या मानाने मला हे इतकं गोड वाटलं की मूळचे 2400 मी विसरूनच गेलो. बायको विसरली नव्हती.

मंगळवारी वहिनींचा पुन्हा फोन. "दोन किलोमीटरला सतराशे पंचवीस? त्यापेक्षा मीच स्कूटरवर सोडेन. तुम्ही तिघं वाटून घ्या."

आता काका 9600 तर घेणारच. तिघांत तोच हिशेब केला तर माझ्या वाट्याला 3950 येत होते, बाकी दोघांचंही वाढत होतं. वहिनींनी काहीही दिलं तरी ते आम्हाला फायद्याचंच, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यांच्या ते आधीच लक्षात आलं असावं, कारण मी "किती जमतील?" म्हणताच त्यांनी क्षणही न घेता "नऊशे" सांगितलं.

उरलेले 825 आम्ही तिघांनी प्रत्येकी 275 करून घेतले. आमचे झाले 3650. वहिनी गेल्या असत्या त्यापेक्षा तिघांचेही तीन-तीनशे वाचले, हे मी बायकोला कागदावर दाखवलं.

"म्हणजे चोवीसशेचे छत्तीसशे पन्नास करून आपण तीनशे वाचवले," ती म्हणाली. "आता मे महिन्याचे अर्धे द्यायचे की पूर्ण, हे मात्र तू विचारायला जाऊ नकोस. मी बोलते काकांशी."

भाचा अजून जेवायला येतो. हल्ली त्याला दुसऱ्यांदा कुणी वाढत नाही.