थायरॉईडची गोळी आणि अश्वगंधेचे चूर्ण

“अश्वगंधा जडीबुटी आहे, औषध नाही. रोज एक चमचा दुधातून घ्या. टेन्शन, थकवा पळतो. थायरॉईड, शुगर, बीपीच्या गोळ्यांसोबत बिनधास्त चालते. साइड इफेक्ट शून्य. वर्षभर घ्या.” असा सल्ला सर्रास ऐकू येतो.

टेन्शनचे म्हणणे अगदीच खोटे नाही. भारतात झालेल्या काही लहान चाचण्यांत मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ८ आठवडे दिला, तेव्हा ताण काहीसा कमी झाला. पण तो मोजलेला अर्क होता, चमचाभर चूर्ण नव्हे. शिवाय ३ महिन्यांपलीकडे रोज घेतल्यास काय होते, याचा पुरेसा अभ्यास नाही. मग ‘वर्षभर’ कशाच्या जोरावर?

थायरॉईडचे वाक्य मात्र सरळ घातक आहे. यवतमाळ जिल्ह्यात माझे मेडिकल आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत एक काकू आल्या. “भाऊ, छातीत धडधड होते जी, हात कापतात, झोप नाही.” थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी त्या अनेक वर्षे घेत होत्या, डोस तोच होता. नवीन काय सुरू केले, असे खोदून विचारले, तेव्हा दीड महिन्यापासूनचे अश्वगंधेचे चूर्ण निघाले. ते औषध आहे असे त्यांना वाटलेच नव्हते, म्हणून डॉक्टरांनाही सांगितले नव्हते. टीएसएच तपासले तर फार खाली गेलेले. रक्तातला हा आकडा उलटा चालतो: थायरॉईड हार्मोन वाढले की तो उतरतो. अश्वगंधा शरीरातले थायरॉईड हार्मोन वाढवू शकते. वरून गोळी चालूच, म्हणजे दुहेरी डोस. डॉक्टरांनी चूर्ण बंद केले, गोळी तीच ठेवली. ६ आठवड्यांनी टीएसएच जागेवर आले, धडधड त्याआधीच थांबली होती.

शुगर आणि बीपीचेही तसेच. अश्वगंधा दोन्ही थोडे उतरवू शकते. शुगरची गोळी घेऊन वावरात गेलेल्या माणसाला दुपारी घाम, थरथर, चक्कर आली की आपण उन्हाला दोष देतो. ती उतरलेली शुगर असू शकते. झोपेच्या गोळीसोबत गुंगी वाढते. गरोदर बाईने तर घेऊच नये.

‘साइड इफेक्ट शून्य’ म्हणणाऱ्यांनी यकृताकडे पाहावे. प्रमाण कमी आहे, पण अश्वगंधेने कावीळ झाल्याच्या नोंदी भारतात आणि बाहेरही आहेत. बहुधा सुरू केल्यापासून २ ते १२ आठवड्यांत अंगाला खाज सुटते, लघवी गडद होते, डोळे पिवळे पडतात. बंद केल्यावर बहुतेकांचे यकृत काही महिन्यांत सावरते. आधीच यकृत खराब असलेल्यांचे मृत्यूही झाले आहेत. कोरोनाकाळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेलीबाबतही अशी प्रकरणे नोंदवली. बांधावरची ढोरगुंज, म्हणजे अश्वगंधाच, उपटून पाल्यासकट वाटणाऱ्यांनी हेही ऐकावे: आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पाने वापरू नका, असे बजावले आहे.

आपल्याकडे कावीळ दिसली की आधी गळ्यात माळ पडते, मग कुणीतरी झाडपाल्याचा रस पाजतो. जडीबुटीने बिघडलेल्या यकृतावर दुसरी जडीबुटी! त्याऐवजी चूर्ण त्याच दिवशी थांबवा, यकृताची रक्ततपासणी करा, आणि डॉक्टरांकडे जाताना चूर्णाचा डबा सोबत न्या. नुसते ‘काही घेत नाही जी’ म्हटले, तर त्यांना कारण सापडणार नाही.