प्रतिक्रियेला उत्तर: ओळ लहान झाली, काम गेलं का?

वाचकाची प्रतिक्रिया: "मूळ ओळीत पावसाळा, बुरशी, कुबट वास, सगळं होतं. तुम्ही 'कपाट कोरडं, कपडे करकरीत' एवढंच ठेवलंत. अनुप्रास छान आहे, पण वस्तू काय करते हे कापाकापीत गेलं."

नमस्कार. ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्या ताई ही ओल शोषणारी पिशवी विकतात, त्यांनाही या घोषवाक्याबद्दल आधी हीच शंका होती. त्यांची मूळ ओळ होती: "पावसाळ्यात तुमच्या कपाटातील कपड्यांना ओलावा, बुरशी आणि कुबट वासापासून संपूर्ण संरक्षण देणारी पिशवी".

पिशवीचं काम नेमकं काय? आतलं कॅल्शियम क्लोराइड हवेतली ओल ओढून घेतं आणि त्याचं पाणी खालच्या कप्प्यात साठतं. बस, एवढंच. कपड्यावर आधीच धरलेली बुरशी ती मारत नाही आणि पाणी भरलं की ती बदलावीच लागते. म्हणून "संपूर्ण संरक्षण" काढलं, ते केवळ लांबीसाठी नव्हे. तो दावा खरा नव्हताच, आणि दिशाभूल करणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही. बुरशी आणि वास हे ओलीचे परिणाम आहेत. कारण सांगितलं की ते दोन्ही गिऱ्हाईक स्वतःच ओळखतं, ठाण्यात तर नक्कीच.

राहिलं "कोरडं". हा शब्द ओळीचा कणा आहे. आम्ही नाव झाकून वेगवेगळ्या ओळी ओळखीच्या लोकांना दाखवल्या आणि "हे काय विकत असतील?" एवढंच विचारलं. "कपाट सुरक्षित, कपडे सुरक्षित" वाचून उत्तर आलं डांबरगोळ्या. "कपडे सदा ताजे" वाचून आलं कपड्यांचा साबण किंवा अत्तर. तुमची टीका या दुसऱ्या ओळीला अगदी लागू पडते. ती कानाला गोड होती, म्हणून ताईंना सोडवत नव्हती. "कपाट कोरडं" म्हटल्यावर मात्र लोक ओल शोषणाऱ्या वस्तूकडेच वळले.

मग फक्त "कपाट कोरडं" का नाही? कारण त्यात काम आहे, पण घ्यावं का ते नाही. "कपडे करकरीत" ते सांगतं, आणि चारही शब्द 'क'ने सुरू होत असल्यामुळे एक आठवला की पुढचा आपोआप येतो. फेविक्विकचं "चुटकी में चिपकाए" असंच बांधलेलं आहे: किती वेळात आणि काय, दोन्ही सांगून ओळ संपते.

वस्तूचा प्रकार सांगणं हे घोषवाक्याचं काम नाही. पाकिटावर नावाखाली लहान अक्षरांत "ओल शोषणारी पिशवी" छापलेलं आहेच. पावसाळ्याबद्दल मात्र तुमचं म्हणणं मला पटतं. जूनमधल्या स्टॉलच्या बॅनरवर "पावसाळा आला" असं वर वेगळं लिहायला ताईंना सांगतो. ते सप्टेंबरनंतर उतरवता येईल आणि पाकिटावरची ओळ बदलावी लागणार नाही.